भीतीचा काटा दिशा दाखवत नाही

(दृश्य: ट्रेडिंग स्क्रीन. निफ्टीच्या खाली इंडिया विक्सचा आकडा)

३१ मे २०२४, शुक्रवार. लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा दुसऱ्या दिवशी, निकाल मंगळवारी. निफ्टी बंद झाला २२,५३० वर. महिन्याभरापूर्वी तो २२,६०५ वर होता, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. मधल्या काळात त्याने २३,००० चा विक्रमही पाहिला होता. इंडिया विक्स मात्र १३ च्या आसपासवरून २४.६ वर चढला होता. बाजार पडलाच नव्हता, तरी भीतीचा काटा दुपटीजवळ पोचला होता.

हा आकडा येतो कुठून? राष्ट्रीय शेअर बाजार तो निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, व्यवहार करण्याचा हक्क: घेण्याचा हक्क तो कॉल, विकण्याचा तो पुट. पुढच्या तीस दिवसांत निफ्टी किती हलेल असं ऑप्शनचे भाव सुचवतात, ते विक्स वर्षाच्या टक्केवारीत सांगतो. सध्याच्या पातळीपेक्षा वरच्या स्ट्राइकचे कॉल आणि खालच्या स्ट्राइकचे पुट, दोन्ही हिशेबात येतात आणि दोन्हींचे भाव बेरजेतच मिळवले जातात. पुट महागला तरी विक्स चढतो, कॉल महागला तरी चढतो. दिशा त्या बेरजेतच विरून जाते.

मग त्याला भीतीचा काटा का म्हणतात? कारण बाजार चढतो बहुधा सावकाश आणि कोसळतो झपाट्याने. पडझड सुरू झाली की मोठे फंड संरक्षणासाठी पुट घ्यायला धावतात, प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे भाव, फुगतात, विक्स उसळतो. म्हणून निफ्टी आणि विक्स बहुतेक दिवशी उलट दिशेने जाताना दिसतात. पण ते एकाच वेळी घडत असतं. आजच्या विक्सवरून उद्याचा निफ्टी कळत नाही.

(दृश्य: कागदावर आकडेमोड)

आता २४.६ वाचायचा कसा? वर्षाचा आकडा महिन्यावर आणताना बाराने नव्हे, बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४६ ने भागायचं. उत्तर ७.१ टक्के. २२,५३० वर ते होतात सुमारे १,६०० अंक. म्हणजे महिन्याभरानंतर निफ्टी साधारण २०,९३० ते २४,१३० च्या दरम्यान असेल, आणि तेही ढोबळमानाने तीनात दोन वेळा. हा पट्टा वर आणि खाली सारखाच आहे. ४ जूनला निफ्टी दिवसात २१,२८१ पर्यंत खाली आला. २८ जूनला तो २४,०१० वर बंद झाला. दोन्ही आकडे त्याच एका पट्ट्यात.

इथे एक चूक सर्रास होते. ३ जूनला एक्झिट पोलनंतर निफ्टी ७३३ अंकांनी उसळला आणि विक्स २१ च्या जवळ उतरला. वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे २५२, म्हणून काही जण तो २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास १५.९ ने भागून म्हणतात, उद्या सव्वा-दीड टक्का हालचाल होईल. दुसऱ्या दिवशी निफ्टी ५.९ टक्के घसरला. विक्स खोटा बोलला का? नाही. तीस दिवसांची सरासरी सगळ्या दिवसांवर सारखी वाटून टाकली, चूक तिथे झाली.

हिशेब असा करा. विक्स २१ म्हणजे महिन्याची हालचाल ६.०६ टक्के, तिचा वर्ग ३६.७. निवडणूक नसती तर विक्स १३ असता असं धरू: महिन्याला ३.७५ टक्के, वर्ग १४.१. उरले २२.६, त्याचं वर्गमूळ पावणेपाच टक्के. एका निकालाच्या दिवसासाठी बाजाराने जवळजवळ एवढी हालचाल भावात धरली होती. तेरा हा आकडा आपण अंदाजाने घेतला, त्यामुळे उत्तरही अंदाजच. पण सव्वा टक्क्यापेक्षा ते वास्तवाच्या कितीतरी जवळ आहे. तरीही ती हालचाल वर होईल की खाली, हे त्यातून निघत नव्हतं.

(दृश्य: ५ जूनचा आलेख)

निकाल लागून गेला की ऑप्शनमधली अनिश्चिततेची किंमत ओसरते. ५ जूनला निफ्टी ७३५ अंकांनी सावरला आणि विक्स १९ च्या आसपास आला. अशा वेळी महाग प्रीमियम देऊन कॉल घेणाऱ्याची दिशा बरोबर ठरूनही हाती पैसे कमी येतात, कधी तोटाही होतो. मोठ्या घटनेआधी ऑप्शन विकत घेताना हे ध्यानात ठेवावंच लागतं.

उलट बाजूही पाहा. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला. ४ मार्च २०२५ ला तो दिवसात २१,९६५ पर्यंत आला, साडेसोळा टक्क्यांच्या जवळपास घसरण. ती थोडी थोडी, महिनोन्‌महिने चालली. विक्स त्या दिवशीही १४ च्या आसपासच होता.