द.सा.द.शे.मधला ‘सा’

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पावसात आलात, त्याबद्दल आधी आभार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘वर्षाचे दिवस ३६० की ३६५?’ तो वाचून एक आजोबा मला जिन्यातच म्हणाले, “यात व्याख्यान कसलं? भिंतीवरचं कालनिर्णय बघा की!” त्यांना मी पहिल्या रांगेत बसवलंय.

शाळेत आपण सगळ्यांनी एक सूत्र घोकलं. सरळव्याज बरोबर म गुणिले द गुणिले क, भागिले शंभर. म म्हणजे मुद्दल, त्यावर भांडण नाही. द म्हणजे दर, द.सा.द.शे., दर साल दर शेकडा. त्यावर आपण पाव टक्क्यासाठी चार बँकांचे जिने चढतो. आणि क म्हणजे काळ. शाळेत क नेहमी दोन वर्षं किंवा तीन वर्षं असायचा, फार तर अडीच. खऱ्या आयुष्यात मात्र क असतो ‘१७ जानेवारी ते ४ मार्च’. तो वर्षांत बसवायचा तर खाली काहीतरी भागाकार हवा, आणि तिथे प्रश्न येतो, द.सा.द.शे.मधलं ते ‘साल’ किती दिवसांचं? एकतीस वर्षं मी बँकेत कर्जविभागात काढली. तेवढ्यात हा प्रश्न विचारणारे तीन ग्राहक भेटले. त्यातले दोन गणिताचे मास्तर होते.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. चांद्रमासात तिथी तीस, पण त्या तीस तिथी एकोणतीस किंवा तीस दिवसांत आटपतात. एखादी तिथी क्षय होते, एखादीची वृद्धी. म्हणजे तीसचा महिना आणि प्रत्यक्ष उगवलेले दिवस यांचा मेळ बसत नाही, हे आपल्या पंचांगाला पुरतं ठाऊक आहे. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या गावचा सावकार अधिक महिन्याचंही व्याज लावायचा. दुष्काळात तेरावा महिना, तो असा! असो. पंचांगात शिरलो तर चहा थंड होईल.

इथे बहुतेकांना बचत खात्याचा दहा तारखेचा नियम आठवत असेल. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. अकरा तारखेला पन्नास हजार भरलेत? या महिन्याचं त्यावर काही नाही. म्हणून दहा तारखेला आमच्या काउंटरसमोर ही रांग! १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं आणि ती रांग एका महिन्यात गायब झाली. दिवस कसे मोजायचे एवढंच बदललं होतं. दर तोच साडेतीन टक्के.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी घरी जाणार नाही, हे माझ्या बायकोला माहीत आहे म्हणून ती आलेली नाही.

घोडबंदर रस्त्याला आमची जुनी इमारत. लिफ्ट बदलायची होती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. सभासदांची वर्गणी हप्त्याहप्त्याने येणार, पण कंत्राटदार काही हप्त्याने थांबत नाही. म्हणून एका वित्तसंस्थेकडून ३६ लाख उचलले, दहा टक्क्यांनी. पहिले काही महिने फक्त व्याज भरायचं, मुद्दल नंतर. कर्ज १ जानेवारी २०२३ ला हातात आलं आणि वर्गणी चक्क वेळेवर जमली, ठाण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच बहुधा, म्हणून १ एप्रिलला आम्ही सगळं फेडून मोकळे झालो. मी खजिनदार. उतारा मागवला. व्याजाच्या नोंदी अशा: जानेवारी ३१,०००. फेब्रुवारी ३०,०००. मार्च ३१,०००. एकूण ९२,०००.

इतके गोल आकडे बघून माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगतो. ३६ लाखांवर दहा टक्के म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. त्याला ३६५ ने भागलंत तर दिवसाला ९८६ रुपये ३० पैसे येतात. हे कितीही दिवसांनी गुणा, महिन्याचा आकडा असा हजारात गोल निघणार नाही. ३६० ने भागलंत की दिवसाला बरोब्बर हजार. गोल आकडा दिसला, की भागाकाराकडे बघावं.

मग मी करतो ती उलटी मोजणी केली. तुम्हीही करू शकता, कागद-पेन्सिल पुरे. लावलेलं व्याज घ्या, त्याला ३६५ ने गुणा आणि वर्षाच्या पूर्ण व्याजाने भागा. उत्तर दिवसांत येतं. जानेवारीचे निघाले ३१.४३ दिवस. फेब्रुवारीचे ३०.४२. आता ३१.४३ दिवसांचा महिना कुठल्याही धर्मात नाही. म्हणजे खाली ३६५ नाहीत. ३६५ च्या जागी ३६० घालून पाहिलं. जानेवारी ३१, फेब्रुवारी ३०, मार्च ३१. पूर्ण आकडे. कुलूप उघडलं! भागाकार ३६० चा आहे, हे सिद्ध. पण त्याच बरोबर दुसरी गोष्टही उघडी पडली: २०२३ च्या फेब्रुवारीत तीस दिवस कुठून आले?

गेलो त्यांच्या कचेरीत. समोर एक तरतरीत मुलगी. म्हणाली, “काका, सिस्टिमच काढते हो आकडे.” मी म्हटलं, “बाळ, तुमच्या सिस्टिममध्ये फेब्रुवारी किती दिवसांचा?” म्हणाली, “आमच्याकडे महिना तीसचाच धरतात.” “मग जानेवारीचे एकतीस का?” “काका, जानेवारीला एकतीस असतातच ना!” यावर मी काय बोलणार? अठ्ठावीसचा महिना आला की तीस धरायचा, एकतीसचा आला की एकतीसच धरायचा, आणि वर्ष मात्र ३६० चं. त्या तीन महिन्यांत सूर्य नव्वदच वेळा उगवला, त्यांच्या वहीत ब्याण्णव वेळा.

मुलीची चूक नव्हती, हे मला कळत होतं. कुणीतरी कधीतरी दोन वेगळ्या रीतींचे तुकडे एकत्र शिवले होते. मी करारपत्र काढलं. त्यात अकराव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं, ‘प्रत्यक्ष दिवस, वर्ष ३६५ दिवसांचे’. तसं केलं तर जानेवारी ३०,५७५.३४, फेब्रुवारी २७,६१६.४४, मार्च पुन्हा ३०,५७५.३४. बेरीज ८८,७६७ रुपये १२ पैसे. फरक ३,२३२ रुपये ८८ पैसे. सात आठवडे, चार पत्रं, दोन खेपा. पैसे आले, अठ्ठ्याऐंशी पैशांसकट. रिक्षाचा खर्च जास्त झाला, असं आमचे सेक्रेटरी आजही प्रत्येक सभेत सांगतात.

त्या प्रकरणात आणखी एक वाद झाला, तो एका वाक्यात सांगतो, कारण तो उपयोगी आहे. १ जानेवारी ते १ एप्रिल हे दिवस ९० की ९१? दोन्ही टोकं मोजली तर ९१ होतात. तसं करायचं नसतं. पैसे आले तो दिवस धरायचा, परत गेले तो सोडायचा. लॉजवर राहतो तसं. आपण रात्री मोजतो. पैसे आपल्याकडे नव्वद रात्री मुक्कामाला होते, संपलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात! बरं. फळ्यावर लिहिलेला विषय आता सुरू होतो.

३६० चूक आणि ३६५ बरोबर, असं मी म्हणायला आलेलो नाही. हा अपूर्णांक आहे. वर अंश, खाली छेद. वर प्रत्यक्ष दिवस आणि खाली ३६५ असले, की दोन्ही खरे. वर तीसचे महिने आणि खाली ३६० असले, की दोन्ही मानलेले, पण एकमेकांना शोभणारे. बारा महिन्यांचे बरोबर ३६० होतात आणि वर्षाचं व्याज तेवढंच येतं. आमच्या उदाहरणात दोन्ही रीतींनी पूर्ण वर्षाचे ३,६०,०००च. फरक मधल्या तुकड्यांत पडतो: जानेवारी-फेब्रुवारी मिळून ५९ रात्री, पण तीसच्या रीतीत ६०, जुलै-ऑगस्टमध्ये ६२ रात्री, तरी ६०च. एकदा देणारा तोट्यात, एकदा घेणारा.

तिसरी जोडी, वर प्रत्यक्ष दिवस आणि खाली ३६०, हिच्यात मात्र वर्षाअखेरीस ३,६५,००० होतात. दहा टक्के म्हणून सांगितलेला दर १०.१४ च्या जवळ जातो. डॉलरच्या अल्पमुदतीच्या बाजारात हीच उघड रीत आहे, सोफर नावाचा तिथला रात्रभराच्या उधारीचा दर असाच मोजतात. तिथे सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि दर तसाच समजून घेतात. पौंडाच्या बाजारात ३६५. आमच्या वित्तसंस्थेची ती चौथी जोडी, सोयीप्रमाणे अंश आणि खाली ३६०, कुठल्याच बाजारात नाही.

मग तीसचा महिना ठेवलाच कशाला? सरकारी रोखे बघा. आपल्या केंद्र सरकारचा ७.१८ टक्क्यांचा २०३३ चा रोखा आहे, व्याज १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्टला. ऑगस्ट ते फेब्रुवारी १८४ रात्री, फेब्रुवारी ते ऑगस्ट १८१. तरी दोन्ही वेळा शंभरामागे ३.५९, बरोबर निम्मं. सहा महिने म्हणजे १८० दिवस मानले, की हिशेबाला कटकट राहत नाही आणि कूपन दर वेळी सारखं निघतं. त्याच सरकारची ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं मात्र प्रत्यक्ष दिवस आणि ३६५ वर. तिथे मुदतच दिवसांत सांगितलेली असते, महिन्याचा संबंधच नाही.

तीसच्या रीतीतही एक गाव आणि बारा बोली आहेत. एक्सेलमध्ये २८ फेब्रुवारी २०२३ ते १ मार्च २०२३ मोजून बघा. A1 आणि B1 मध्ये या तारखा घाला आणि

```
=DAYS360(A1,B1,FALSE)
=DAYS360(A1,B1,TRUE)
```

पहिल्याचं उत्तर १, दुसऱ्याचं ३. पहिली अमेरिकी रीत: महिन्याचा शेवटचा दिवस म्हणजे तीस तारीख, म्हणून अठ्ठावीसला तीस मानलं. दुसरी युरोपी: अठ्ठावीसला अठ्ठावीसच ठेवलं, मग एकोणतीस आणि तीस या न उगवलेल्या तारखाही मोजल्या. खरी रात्र एकच. म्हणून करारात नुसतं ‘३६० दिवसांचे वर्ष’ लिहून भागत नाही.

शेवटची चिठ्ठी. हो हो, उठतोच. रिझर्व्ह बँकेनं २९ एप्रिल २०२४ ला एक परिपत्रक काढलं, त्यात कर्ज महिन्याच्या मध्येच दिलं किंवा फेडलं तरी अख्ख्या महिन्याचं व्याज लावण्याच्या प्रकारावर बोट ठेवलंय, आणि जादा घेतलेलं परत करायला सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी महिन्याच्या मध्येच कर्ज फेडलं असेल, तर घरी जाऊन उतारा काढा आणि उलटी मोजणी करा. करारपत्राचं अकरावं पान दर वेळी अकरावंच असेल असं नाही, पण ‘दिवस’ हा शब्द कुठे ना कुठे सापडेल.

पहिल्या रांगेतले आजोबा हात वर करतायत. लीप वर्षाचं विचारताय ना? ३६६. सगळीकडे नाही. चहा घेताना सांगतो.