घरमालकांकडे राऊटरचं लॉगिन मागायचंय? मेसेज असा लिहा

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा राऊटर आधीपासून भिंतीवर होता, नेट चालू होतं आणि वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला होता. मला वाटलं, चला, एक काम वाचलं. आठवड्याभरात शेजारच्या मावशींनी दारात विचारलं, "काल रात्री तुमचं नेट बंद होतं का हो? आमच्या पोराचा क्लास अडला." तेव्हा कळलं की आधीच्या भाडेकरूंनी तो पासवर्ड मजल्यावर बऱ्याच जणांना दिलेला होता. मावशींचं काही चुकलं नाही, त्यांना तो प्रेमाने दिलेला होता. पण त्या नेटवर आता माझं ऑफिसचं काम चालणार होतं, म्हणून पासवर्ड बदलायचा ठरवला.

तो बदलायचा तर राऊटरच्या आतल्या पानावर जावं लागतं. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकायचं, काही राऊटरवर ते 192.168.0.1 असतं. नक्की कुठलं ते राऊटरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पान उघडलं, त्याने युजरनेम आणि पासवर्ड मागितला. स्टिकरवरचा टाकून पाहिला, चालला नाही. म्हणजे आधीच्या माणसाने तो बदललेला होता. बदलला हे त्याने योग्यच केलं, फक्त जाताना कुणाला सांगितला नाही.

मग मी घरमालक काकांना मेसेज केला: "काका, राऊटरचा पासवर्ड पाठवता का?" काकांनी लगेच पाठवला. वायफायचा. तोच, फ्रिजवरचा. मी म्हटलं, हा नाही, दुसरा. तर त्यांनी बिल भरायच्या वेबसाइटचा पासवर्ड पाठवला! चूक काकांची नव्हती. या एका डब्याभोवती चार वेगवेगळे पासवर्ड असतात. एक वायफायला जोडायचा, एक राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, एक कंपनीच्या वेबसाइटवर बिल भरायचा, आणि चौथा आपल्याला सहसा दिसतच नाही. तो राऊटरच्या पोटात भरून ठेवलेला असतो आणि राऊटर तो वापरून कंपनीकडे आपली ओळख पटवतो. त्याला पीपीपीओई म्हणतात. सगळ्याच कनेक्शनला तो नसतो, पण आमच्याकडे होता. हा चौथा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम पडणार आहे.

आणखी एक गोष्ट मला नंतर जाणवली. काका सत्तरीचे आहेत. कुणी मेसेजवर पासवर्ड मागितला तर द्यायचा नाही, हे त्यांना बँकेने, मुलाने, सगळ्यांनी बजावलेलं आहे. तरी माझ्यावरच्या विश्वासापोटी त्यांनी दोन पासवर्ड पाठवून दिले, आणि त्यातला एक मला कळायलाच नको होता. मी त्यांना तो बदलून घ्यायला सांगितलं. म्हणून आधी फोन करा, बोला, आणि मग मेसेज लिहा. ओटीपी तर कधीच मागू नका.

फोनवर बोलल्यानंतर मी जो मेसेज पाठवला, तो पूर्ण वाचून दाखवतो.

(फोन हातात घेऊन)

"नमस्कार काका. सकाळी फोनवर बोललो त्याबद्दल लिहितोय. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे जो राऊटर आहे, त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं लॉगिन मला हवं आहे. वायफायचा पासवर्ड माझ्याकडे आहे, बिलाच्या वेबसाइटचाही नको. सोबत स्क्रीनचा फोटो पाठवतोय, त्यात जे दोन रकाने दिसतात तेवढंच हवं आहे. वायफायचा जुना पासवर्ड बऱ्याच जणांकडे असल्यामुळे तो बदलायचा आहे.

आधीच्या भाडेकरूंना एकदा विचाराल का? त्यांचा नंबर मला द्यायची गरज नाही, हाच मेसेज त्यांना पुढे पाठवलात तरी चालेल. तो त्यांचा नेहमीचा खासगी पासवर्ड असेल तर तो मला नको, मग राऊटर रीसेट करता येईल. त्यासाठी कनेक्शन कुणाच्या नावावर आहे आणि कंपनीकडे कुठला मोबाइल नंबर नोंदवलेला आहे, एवढं सांगा. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी रीसेट करणार नाही. काम झाल्यावर नवीन लॉगिन तुम्हालाही लिहून देईन. रविवारपर्यंत कळवलंत तरी चालेल."

मेसेज लांब आहे, मान्य. पण त्यातलं प्रत्येक वाक्य काकांचा एकेक उलटा फोन वाचवतं. स्क्रीनचा फोटो सगळ्यात उपयोगी पडला, कारण "अ‍ॅडमिन लॉगिन" हे शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते, पण फोटो आधीच्या भाडेकरूने पाहताक्षणी ओळखला. आणि खासगी पासवर्डचं वाक्य मी मुद्दाम घातलं. अनेक लोक मेलला, राऊटरला, सगळीकडे एकच पासवर्ड वापरतात. तो अनोळखी माणसाला द्यायला त्यांना संकोच वाटतो आणि मग ते उत्तरच देत नाहीत.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, एवढं कशाला, मागच्या छोट्या भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबली की रीसेट होतो. होतो. पण त्याबरोबर तो चौथा पासवर्डही पुसला जातो. काही कंपन्यांचे राऊटर रीसेटनंतर सेटिंग आपोआप परत मागवून घेतात, काही घेत नाहीत. नाही घेतलं तर ओळखायचं असं: फायबरच्या डब्यावर पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असतो, म्हणजे तार ठीक आहे. पण इंटरनेटचा दिवा लागत नाही, किंवा लाल होतो. वायफाय जोडलं जातं आणि फोन म्हणतो, इंटरनेट नाही. मग कंपनीला फोन करावा लागतो, आणि कंपनी नोंदवलेल्या मोबाइल नंबरची खात्री मागते. तो नंबर आधीच्या भाडेकरूचा असला तर तुम्ही तिथेच अडकलात. शिवाय कनेक्शनच त्याच्या नावावर असेल तर राऊटरच्या मागे न लागता स्वतःच्या कागदपत्रांवर नवीन कनेक्शन घ्या, कारण तो ते कधीही बंद करू शकतो आणि डबा कंपनीचा असेल तर तो परतही जातो.

आमच्याकडे शनिवारी उत्तर आलं. आधीच्या भाडेकरूंना पासवर्ड आठवत नव्हता. कनेक्शन काकांच्या नावावर, पण नोंदवलेला नंबर काकूंचा. काकूंनीच कंपनीला फोन केला, पीपीपीओईचं युजरनेम घेतलं आणि पासवर्ड नवीन करून घेतला. ते कागदावर आल्यानंतरच मी पिन दाबली. रीसेटनंतर स्टिकरवरचं लॉगिन चाललं, कारण राऊटर मूळ स्थितीत आला होता. आत गेल्यावर WAN नावाच्या पानावर काकूंनी दिलेली दोन्ही माहिती भरली आणि दोनेक मिनिटांत इंटरनेटचा दिवा लागला. मग वायफायचा पासवर्ड बदलला, सेटिंगचा बदलला, आणि Remote Management बंद आहे ना ते पाहिलं. ते चालू असेल तर घराबाहेरूनही हे पान उघडता येतं.

(पाकीट कॅमेऱ्यासमोर धरून)

हे पाकीट. यात राऊटरचं नवीन लॉगिन, पीपीपीओईची माहिती आणि नोंदवलेला नंबर कुणाचा, एवढं लिहिलंय. एक प्रत काकांकडे दिली, एक भाडेकराराच्या फाइलमध्ये ठेवली. मावशींच्या मुलासाठी गेस्ट वायफाय वेगळं चालू करून दिलंय, त्याची परीक्षा होईपर्यंत.