‘अनोळखी’ नावाचं सदर

(वाचनालयाच्या मासिक बैठकीतलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, आमच्या घरात हिशोबाची वही सासूबाई लिहायच्या. ‘दूध ६२, कोथिंबीर १०, रिक्षा ४०’ अशा ओळी असायच्या. दुकानदाराचं नाव त्या वहीत क्वचितच सापडेल, कारण ते लिहायची गरजच नव्हती. पैसे कशासाठी गेले, एवढंच त्या लिहीत. आता बँकेचा खातेउतारा डाउनलोड करा आणि बघा. तिथे नेमकं उलट आहे. कोणाला दिले ते लिहिलंय, कशासाठी ते नाही. उताऱ्यावरून घरखर्चाचा डॅशबोर्ड उभा करायचा म्हणजे या ‘कोणाला’चं ‘कशासाठी’ करायचं. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्याच कामाबद्दल आहे.

आधी सोलापूरची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या डॅशबोर्डवर ‘प्रवास’ या सदरात ६,२३० रुपये दिसले. मे महिन्यात आम्ही कुठेही गेलो नव्हतो. घरात भाचीच्या लग्नाची तयारी चालली होती, कोणाला वेळ होता? ह्यांनी विचारलं, “तू कुठे जाऊन आलीस?” मी म्हटलं, “तुम्हीच सांगा.” दोन दिवस आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो. (हशा) शेवटी ओळी उघडून बसले. खरी टॅक्सी २८० रुपयांची निघाली, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं त्याची. बाकी? ४,८५० रुपये आहेराच्या सोलापुरी चादरींचे. ९८० रुपये शेंगाचटणीचे, तीही सोलापूरहून मागवलेली. आणि १२० रुपये मुलांनी खाल्लेल्या बर्फाच्या गोळ्याचे.

चादर, चटणी आणि गोळा प्रवासात कसे गेले? मी नियम लिहिला होता की वर्णनात OLA दिसलं की ‘प्रवास’. उतारा इंग्रजी अक्षरांत येतो. आता SOLAPUR लिहा आणि पहिलं अक्षर झाका. GOLA चंही तेच. गूगल शीटमधलं `SEARCH` हे सूत्र शब्द बघत नाही, अक्षरं बघतं, मग ती कोणाच्याही पोटात असोत. उपाय एका ओळीचा आहे:

```
=REGEXMATCH(UPPER(B2),"\bOLA\b")
```

`\b` म्हणजे शब्दाची कड. OLA हा सुटा शब्द असेल तरच नियम लागेल. `UPPER` विसरू नका, कारण हे सूत्र लहान-मोठं अक्षर वेगळं मानतं. GAS चा नियम लिहिला असेल तर आज घरी जाऊन तपासा. GASTRO लिहिलेल्या दवाखान्याचं बिल सिलिंडरच्या सदरात जाऊन बसलेलं असू शकतं.

मला त्रास झाला तो चूक सहा हजारांची होती म्हणून नाही. ती दिसली कशामुळे, हे लक्षात आल्यावर झाला. आम्ही कुठे गेलो नव्हतो म्हणूनच ती दिसली. सुट्टीत कोकणात जाऊन आलो असतो, तर ६,२३० वर कोणी बोटही ठेवलं नसतं. चुकीच्या सदरात गेलेली ओळ कधी ओरडत नाही. सदर न मिळालेली ओळ मात्र समोर उभी राहते. म्हणून माझा आग्रह आहे की नव्या दुकानदाराचा अंदाज बांधू नका, त्याला ‘अनोळखी’त बसवा. डॅशबोर्डवर अनोळखीचा स्वतःचा खांब हवा, तोही रुपयांत.

(संयोजक वेळेची आठवण करून देतात.) पंधरा मिनिटं? बरं, मग तारखांचं आणि फायलींचं थोडक्यात सांगते.

मूळ फायलींना हात लावायचा नाही. एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवायच्या आणि दर महिन्याला सगळा डॅशबोर्ड त्यांच्यावरून पुन्हा बांधायचा. फाइल नीट आली का, हे शिल्लक सांगते. आधीच्या ओळीची शिल्लक, वजा खर्च, अधिक जमा, बरोबर या ओळीची शिल्लक. जिथे हे जुळत नाही तिथे ओळ गळली आहे किंवा दोनदा आली आहे. दुबार ओळी तारीख आणि रकमेवरून काढू नका, एका दिवसात वीस रुपयांचा चहा दोनदा होतो. संदर्भ क्रमांक बघा, यूपीआयचा तो बारा अंकी असतो. तारखांचा घोटाळा मात्र शिल्लक पकडत नाही. ०३/०४ म्हणजे आपली ३ एप्रिल, अमेरिकी पद्धतीवर ठेवलेलं शीट ती ४ मार्च वाचतं. बारा तारखेपर्यंतच्या ओळी उलटतात आणि तेरापासूनच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. ओळीमागून ओळ तारीख एकदम महिनाभर पुढे किंवा मागे उडी मारते का, ते बघायचं.

आता नियम. ते सूत्रात कोंबू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. वरून खाली वाचायचे, पहिला लागला की थांबायचं:

```
क्रम,कुठे,नमुना,सदर
10,वर्णन,\bCARD PAYMENT\b,बदली
20,शेरा,\bMILK\b,दूध
30,यूपीआय,q000000000@ybl,किराणा
40,नाव,\bMEDICAL\b,औषधं
99,,,अनोळखी
```

सर्वात वर ‘बदली’. आपल्याच दुसऱ्या खात्यात गेलेले पैसे हा खर्च नाही. क्रेडिट कार्डाचा उतारा तुम्ही वेगळा घेत असाल, तर बँकेतून भरलेलं कार्डाचं बिलही खर्च नाही, नाहीतर तीच खरेदी दोनदा मोजाल. मग शेरा. पैसे पाठवताना आपण जी टीप लिहितो, ती बऱ्याच बँकांच्या उताऱ्यात उमटते. दूधवाल्याला पाठवताना milk लिहिलंत की ‘कशासाठी’ तुम्हीच सांगून ठेवलंत, वहीसारखं. तिसरा यूपीआय पत्ता, पूर्ण जुळला तरच. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांच्या क्यूआरवर दुकानाचं नाव नाही, त्यांचं स्वतःचं नाव येतं, आणि त्याच नावाचा आमचा प्लंबरही आहे. नावावर नियम केला असता तर नळ किराण्यात गेला असता. काकांनी क्यूआर बदलला की पत्ता बदलेल आणि ओळ अनोळखीत येईल, मग नियमांत एक ओळ वाढवायची. नावातल्या शब्दांचा नियम शेवटी, कारण तो सर्वात कच्चा.

उताऱ्यातल्या ओळीवर हाताने सदर लिहायचं नाही, पुढच्या बांधणीत ते पुसलं जातं. नियमच दुरुस्त करायचा. आणि नियम बदलला की मागच्या महिन्यांतल्या कोणत्या ओळींचं सदर बदललं, तेवढ्याच ओळी काढून वाचायच्या. OLA ला कडा लावल्या तेव्हा आमच्याकडे अकरा ओळी हलल्या, त्यातल्या चार मला अपेक्षितच नव्हत्या.

एक गोष्ट नियमांनी होत नाही. सुपरमार्केटचं बिल उताऱ्यात एकच ओळ असतं, त्यात तांदूळही असतो आणि चादरही. ते फोडायचं तर पावती लागते. मी दोन हजारांवरची तेवढी फोडते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अनोळखी ओळी मोठ्या रकमेपासून खाली मी मोठ्याने वाचते. या महिन्यात सात होत्या. सहा लागल्या. सातवी ३४० रुपयांची होती, नाव कोणालाच आठवेना. सासूबाई आतून म्हणाल्या, “अगं, ती जात्याला टाकी लावणारी.” मी नियमांत ‘घरदुरुस्ती’ लिहिलं.