सगळं बंद, तरी मीटर चालू

मंडळी, आपल्या पुण्यातल्या सोसायट्यांत मीटर असतात खाली पार्किंगमध्ये आणि घर असतं तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे घरात कुठे वीज गळते का, ही मीटरवरची तपासणी करायला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली फोन घेऊन.

आधी वरच्या माणसाने मेन स्विच पाडायचा. तरीही मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर गडबड मीटर आणि मेन यांच्या मधे आहे, किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याच कुणाची तरी वायर आहे. तिथेच थांबा, महावितरणला कळवा. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये चकती एखाद्या फेरीच्या आत सरकून थांबली तर काळजी नको, ती तशी सरकते.

दिवा थांबला की मेन चालू करायचा, पण बोर्डावरची सगळी बटणं बंद आणि फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरचे प्लग काढलेले हवेत. इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात, आणि मग भिंतीवर संशय घेतात!

कर्वेनगरातल्या एका जुन्या फ्लॅटचं सांगतो. ऐन पावसाळ्यात एवढं सगळं बंद केलं, तरी दर ४५ सेकंदांनी दिवा लुकलुके. मीटरवर छापलं होतं, एका युनिटला ३२०० पल्स, म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकणार. म्हणजे तासाला ८० पल्स, साधारण २५ वॉट. महिन्याला १८ युनिट. बिलाच्या दृष्टीने किरकोळच, पण २३० व्होल्टला हा करंट शंभर मिलीअँपिअरच्या वर जातो. गळती झाली की वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी असता, तर तो ३० मिलीअँपिअरलाच पडला असता. या घरात तो नव्हताच. मग एकेक एमसीबी पाडायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. बाल्कनीचा पाडला आणि दिवा थांबला. बटण बंद असलं तरी बटणापर्यंत येणारी फेजची वायर जिवंतच असते. तिचा पाइप ओल्या भिंतीतून गेला होता. वायरमनने मेन बंद करून, दोन्ही टोकं सोडवून इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला. इन्सुलेशन निदान एक मेगओहम हवं, ते कितीतरी खाली होतं. वायर बदलली.

आता या तपासणीत काय सापडत नाही, ते ऐका. बटणाच्या पुढची गळती सापडत नाही, कारण बटण बंद आहे. गीझरचं कॉइल फुटलं असेल तर तेही मीटरवर कळेलच असं नाही. दुसरं, ३० मिलीअँपिअर म्हणजे सातेक वॉट. तेवढ्याला हाच मीटर पावणेतीन मिनिटांनी एकदा लुकलुकेल. मिनिटभर बघून ‘काही नाही’ म्हणत वर जाऊ नका. त्याहून फारच बारीक गळती मीटर नोंदवतच नाही, आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मीटर थांबलेला असला तरी वायरमनला बोलवायचंच.