एका शब्दसमूहातले तीन च

नमस्कार, श्रोतेहो. भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षात व्यंजनांचा तक्ता समोर येतो. आडव्या ओळीत स्थानं, म्हणजे ओठ, दात, टाळू, आणि उभ्या रांगेत प्रयत्न, म्हणजे हवा अडवण्याची रीत. तो तक्ता पाठ करण्याआधी एक शब्दसमूह मोठ्यानं म्हणून पाहा: ‘चार चाकांची गाडी’.

लिहिताना यात तीन ठिकाणी च येतो. बोलताना ‘चार’ आणि ‘ची’ यांतला च एक, आणि ‘चाकां’मधला वेगळा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला हा फरक तोंडात असतो, पण अक्षर एकच असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आज अक्षर विसरू या आणि जिभेकडे लक्ष देऊ या.

आधी प्रयत्न. ‘त’ म्हणायला जीभ टेकवा आणि तशीच धरून ठेवा. तोंडावाटे हवा बाहेर येत नाही, वाट पूर्ण बंद आहे. हा स्पर्श. आता ‘स’ म्हणा. वाट अरुंद आहे, पण उघडी आहे, त्यामुळे दम असेपर्यंत तो लांबवता येतो. हा घर्षक. आता ‘चाक’मधला च लांबवायचा प्रयत्न करा. सुरुवात अडवणुकीनं होईल, पण लांबत जाईल तो ‘स’सारखा आवाज. ‘चार’मधला लांबवलात तर शेवटी ‘श’ उरेल. दोन्ही च आधी हवा अडवतात आणि मग घासत सोडतात. म्हणून आधुनिक वर्णनात त्यांना स्पर्शसंघर्षी म्हणतात. वर्णमालेनं च ला क, ट, त, प यांच्यासोबत स्पर्शांत बसवलं आहे. तेच पाहून विद्यार्थी च ला ‘त’च्या रांगेत लिहून मोकळा होतो आणि मागून येणारं घर्षण वर्णनातून सुटतं.

आता स्थान. यासाठी एक साधी चाचणी आहे. ‘चाक’मधल्या च च्या शेवटी उरणारा ‘स’ धरा, जीभ न हलवता हवा आत ओढा. थंडावा जिभेच्या टोकाशी, वरच्या दातांच्या मुळाजवळ लागेल. ‘चार’मधल्या च चा ‘श’ धरून तसंच करा. थंडावा थोडा मागे, टाळूच्या पुढच्या भागाखाली जाणवेल. प्रयत्न एकच, स्थान दोन. पहिल्याला मराठी व्याकरणं दंततालव्य म्हणतात, आजच्या वर्णनात दंत्य किंवा वर्त्स्य हे नाव मिळेल. दुसरा तालव्य.

इथे सीमाभागातल्या वर्गात एक गोष्ट हमखास दिसते. प्रमाण कन्नडात तालव्य च आहे, दंततालव्य नाही. ज्याची घरची भाषा कन्नड आहे, तो ‘चाक’ आणि ‘चारा’ हे शब्दही ‘चार’च्या च नं म्हणू शकतो. त्यानं प्रयत्न अचूक ठेवला, फक्त स्थान बदललं. याला कुणी चूक म्हणो, पण स्थान आणि प्रयत्न स्वतंत्र असतात हे यातून जितकं स्पष्ट कळतं, तितकं तक्त्यातून कळत नाही.

कुणी विचारेल, ‘चाक’चा च म्हणजे त आणि स यांचं जोडाक्षरच नव्हे का? नव्हे. ‘उत्सव’ आणि ‘उचल’ शेजारी ठेवा. ‘उत्सव’ आपण उत्-सव असा तोडतो. जोडाक्षरामुळे उ गुरू होतो आणि मात्रा चार भरतात. ‘उचल’ तुटतो तो उ-चल असा. उ लघूच राहतो, मात्रा तीन. छंदाच्या हिशेबात च एकच व्यंजन आहे.

कुठे कोणता च, याचा थोडा नियम आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ आधीच टाळूकडे उचललेली असते, म्हणून च तालव्य होतो. ‘घरचा’ दंततालव्य, ‘घरची’ तालव्य. ‘त्याचे’ तालव्य, पण बोलताना ‘त्याचं’ म्हटलं की ए गेला आणि च पुन्हा दातांकडे आला. पुढे अ, आ, उ असेल तर मात्र नियम पुरत नाही. ‘चार’ म्हणजे संख्या आणि ‘गुरांना चार’ यांतला चार, दोन्हींत पुढे आ आहे, तरी च वेगळे. तिथे शब्दच ऐकावा लागतो. ‘चंद्र’, ‘चरण’ यांसारख्या संस्कृतातून आलेल्या शब्दांत बहुधा तालव्य मिळतो.

हीच चाचणी ज ला लावा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘शंभर वर्षं जग’ यांतले ज वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून झ ही तपासा. छ मात्र ‘छत्री’, ‘छाती’ कुठेही घ्या, प्रमाण मराठीत तो तालव्यच सापडतो. त्याच्यासाठी तक्त्यात एकच घर ठेवा, बाकी तिघांना दोन-दोन द्या.