तुमचा n नऊ की तीन?

नमस्कार मंडळी. स्क्रीनवरचा हा आलेख बघा. दोन खांब आहेत, कंट्रोल आणि औषध. औषधाचा खांब कंट्रोलच्या ७७ टक्क्यांवर आहे, वर तीन चांदण्या आणि खाली बारीक अक्षरांत n = 9. माझ्या थिसिसच्या पहिल्या मसुद्यात मी अगदी असाच आलेख टाकला होता. गाइडनी एवढंच विचारलं, "हे नऊ कुठून आले?"

आले ते असे. ९६ वेलची प्लेट, त्यात सेल लाइनच्या पेशी आणि एमटीटी चाचणी. औषध तीन वेलमध्ये घातलं. हाच प्रयोग वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा केला. तीन त्रिक नऊ, म्हणून n = 9. गणित बरोबर होतं, मोजणी मात्र चुकीची होती.

एकाच प्लेटमधल्या त्या तीन वेलचा विचार करा. पेशी एकाच फ्लास्कमधून काढलेल्या, त्याच दिवशी मोजलेल्या, औषध एकाच नळीतलं. अशा वेलमध्ये फरक पडला, तर तो पिपेटचा, वाचनाचा किंवा कडेच्या वेलमधून माध्यम उडून गेल्याचा. ही झाली टेक्निकल रेप्लिकेट्स. औषधाचा परिणाम पुन्हा दिसतो का, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी सगळं पहिल्यापासून करावं लागतं: वेगळी पेशींची खेप, वेगळा दिवस, नव्याने पातळ केलेलं औषध.

आता आकडे बघू. दर वेळी त्या दिवसाचा कंट्रोल १०० धरलाय.

पहिला दिवस: ६२, ६०, ६१.
दुसरा दिवस: ७८, ८०, ७९.
तिसरा दिवस: ९२, ९०, ९१.

एका दिवसातले आकडे एकमेकांना चिकटून आहेत आणि दिवसादिवसांत मोठी दरी आहे. नऊच्या नऊ आकडे एका ओळीत घालून १०० शी टी-टेस्ट केली, तर p हा ०.००१ च्याही खाली येतो. आता प्रत्येक दिवसाची आधी सरासरी काढा. ६१, ७९, ९१ हे तीनच आकडे उरतात. त्यांची सरासरी तीच, ७७. पण n तीन झाला, एसडी सुमारे १५ आणि p साधारण ०.१२. चांदण्या गेल्या!

विदा तोच आहे. पहिल्या वेळी आपण सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की हे नऊ आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ते खोटं होतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे एकाच दिवसाचा "प्रातिनिधिक" आलेख आणि त्यावर तीन वेलचा एरर बार. तो बार इतका बारीक दिसतो की बघणारा खूश होतो. त्यातून दिसतं ते फक्त इतकंच, की त्या दिवशी तुमचा हात स्थिर होता.

मग वेल तीन घ्यायच्याच कशाला? घ्या, जरूर घ्या. एखादी वेल बिघडली तर लगेच दिसते आणि दिवसाची सरासरी भक्कम होते. n मध्ये मात्र तिला जागा नाही.

सेल लाइनबाबत अजून एक खोच आहे. तीन खेपा घेतल्या तरी मूळ दाता एकच असतो. म्हणून मी तिथे "बायोलॉजिकल रेप्लिकेट" हा शब्द टाळते आणि "स्वतंत्र प्रयोग" लिहिते. तीन दात्यांच्या पेशी असतील, तर तो शब्द बिनधास्त वापरा. उंदरांच्या प्रयोगात सहसा उंदीर मोजायचा, त्याच्या यकृताचे तुकडे नाहीत. आणि औषध पिंजऱ्याच्या पाण्यातून दिलं असेल, तर पिंजरा मोजायचा.

आलेखाखाली मी शेवटी हे लिहिलं: "n = 3 स्वतंत्र प्रयोग, वेगवेगळ्या आठवड्यांत; प्रत्येकात तीन वेल, त्यांची सरासरी हा एक बिंदू. बार म्हणजे तीन सरासऱ्यांचा एसडी." आणि खांबावर तिन्ही बिंदू वेगवेगळ्या रंगांत दाखवले.

ते रंग दिल्यावरच एक गोष्ट डोळ्यांत भरली. ६१, ७९, ९१ हा चढता क्रम आहे. दर आठवड्याला औषधाचा परिणाम कमी होत चाललाय. वही उघडली, तर तिन्ही वेळा एकच स्टॉकची नळी वितळवून पुन्हा गोठवलेली. औषध खराब होत गेलं असेल. पण पेशींचा पॅसेजही दर वेळी वाढलेला, त्यामुळे खापर नक्की कुणावर फोडायचं हे या तीन बिंदूंवरून सांगता येत नाही. म्हणून औषधाचे छोटे भाग करून गोठवले, दर प्रयोगाला एक न उघडलेला भाग आणि जवळजवळ सारख्या पॅसेजच्या पेशी घेतल्या, आणि पुन्हा तीन प्रयोग केले. जुने तीन बिंदू काढून टाकले नाहीत. ते परिशिष्टात आहेत, तारखा आणि पॅसेज क्रमांकासकट.