शेवळाची कृती शोधत आलेला वाचक: स्वतःचे संकेतस्थळ आणि वार्तापत्र

नमस्कार. पाककृतींचे स्वतःचे संकेतस्थळ सुरू करू इच्छिणारी बरीच मंडळी आज इथे आहेत. डोमेन कसे घ्यायचे आणि त्यावर वर्डप्रेस कसे बसवायचे, यात मी फार वेळ घालवणार नाही. होस्टिंग देणारी कोणतीही बरी कंपनी ते काम करून देते. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या, एवढे आवर्जून सांगतो. मला बोलायचे आहे ते त्यापुढच्या प्रश्नाविषयी: एका कृतीसाठी आलेला वाचक दुसऱ्या कृतीसाठी पुन्हा कसा येतो?

त्यासाठी आपल्या ठाण्याचेच उदाहरण घेतो. पहिला पाऊस पडला की येऊर आणि शहापूरकडच्या आदिवासी बायका शेवळ या रानभाजीच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. भाजी नीट साफ केली नाही आणि तिला आंबट लावले नाही, तर घसा खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणूनच शेवळांबरोबर काकडे ही आंबट फळे विकायला असतात. ज्यांच्या घरी सासू किंवा आजी शेवळाची कणी करत असे, त्यांना हे ठाऊक असते. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या माणसाला ते ठाऊक नसते आणि तो जुडी हातात घेऊन तिथेच उभ्याउभ्या फोनवर शोध घेतो. तो आपला वाचक आहे. त्याच्या एका हातात पिशवी आहे आणि बाजारात नेटवर्क मंद आहे.

त्यामुळे पानावर सगळ्यात आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर हवे. हाताला तेल लावून वरचे आवरण काढावे, आतला पिवळा भाग टाकून द्यावा, उरलेले बारीक चिरून तेलावर परतावे आणि काकडे नसतील तर चिंचेचा कोळ किंवा आमसुले घालावीत, हे पहिल्या पडद्यावरच दिसले पाहिजे. बालपणीच्या आठवणी लिहायच्या असतील तर जरूर लिहा, पण कृतीच्या खाली लिहा. फोनवर काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. तो बाराशे पिक्सेल रुंदीचा करून वेबपी स्वरूपात चढवला की बहुधा दीड-दोनशे केबीत बसतो आणि पान बाजारातसुद्धा उघडते. पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा, `shevlachi-bhaji` असा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते आणि ती पाहून दुव्यावर बोट ठेवायला माणूस कचरतो. लोक ‘शेवळं’, ‘शेवळी’, ‘shevla bhaji’ असे सगळे लिहून शोधतात, म्हणून ही रूपे मजकुरात सहजपणे एकदा येऊ द्यावीत.

हा वाचक भाजी करील आणि निघून जाईल. शेवळांचा हंगाम काही आठवड्यांचाच असतो. पण त्याच्या मागोमाग टाकळा येतो, कुर्डू येतो, भारंगी आणि कंटोळी येतात, आणि प्रत्येक वेळी त्याची अडचण तीच असते. ईमेलने पाठवायच्या वार्तापत्राचा आधार हा आहे. नावनोंदणीच्या चौकटीवर ‘नवीन पाककृतींसाठी सदस्य व्हा’ असे लिहिले, तर त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘पावसाळाभर दर शुक्रवारी एक पत्र. या आठवड्यात बाजारात कोणती रानभाजी आली आहे, ती कशी निवडायची आणि कशी करायची.’ यात वार आहे, मुदत आहे आणि पत्रात काय असेल तेही आहे. शनिवारी बाजारात जाणाऱ्या माणसाला शुक्रवारचे पत्र उपयोगी पडते, म्हणून शुक्रवार.

ही चौकट कृती संपते तिथे, लगेच खाली ठेवा. पान उघडताच पडदा व्यापणारी खिडकी मला अजिबात मान्य नाही. ज्याला अजून काही मिळाले नाही, त्याच्याकडे ईमेलचा पत्ता मागणे गैर आहे. शिवाय मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा खिडक्यांमुळे पान शोधात मागे पडू शकते, हे गूगलने २०१७ पासूनच लागू केले आहे. चौकटीत ईमेलचा एकच रकाना पुरेसा आहे. नाव, फोन, शहर विचारू नका. पत्ता कशासाठी वापरणार ते तिथेच लिहा आणि दुसऱ्या कशासाठीही वापरू नका.

पत्ता भरल्यावर एक पुष्टीचे पत्र जाते आणि त्यातला दुवा दाबल्यावरच नोंदणी पूर्ण होते, अशी व्यवस्था निवडा. चुकीचे टंकलेले आणि दुसऱ्याचेच भरलेले पत्ते तिथेच गळतात. दोष कुठे आहे, तेही इथेच कळते. समजा, शेवळाचे पान हजार जणांनी पाहिले, चाळीस जणांनी पत्ता भरला, पण पुष्टी पंधराच जणांनी केली. चौकट आपले काम करते आहे. बिघाड पत्र पोहोचण्यात आहे. उलट, हजारांतून दोघांनीच पत्ता भरला असेल, तर चौकटीवरचे वाक्य किंवा तिची जागा तपासायला हवी.

पत्र न पोहोचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे प्रेषक म्हणून जीमेलचा घरगुती पत्ता ठेवणे. वार्तापत्र पाठवते दुसरीच सेवा आणि नाव असते जीमेलचे, त्यामुळे घेणाऱ्याच्या यंत्रणेला ते बनावट वाटते आणि पत्र स्पॅममध्ये पडते. म्हणून प्रेषक आपल्याच डोमेनचा असावा. पत्र खरोखर आपल्याच डोमेनच्या परवानगीने गेले आहे, हे SPF, DKIM आणि DMARC या तपासण्यांतून घेणाऱ्याच्या यंत्रणेला कळते. वार्तापत्राची सेवा SPF आणि DKIM यांसाठी ज्या नोंदी देते, त्या डोमेन जिथून घेतले तिथल्या DNS म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या पानावर जशाच्या तशा चिकटवायच्या आणि त्यासोबत ही एक नोंद करायची:

```
_dmarc   TXT   "v=DMARC1; p=none"
```

मग स्वतःच्याच जीमेलवर एक पत्र पाठवा, ते उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून `Show original` निवडा. तिथे SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे `PASS` दिसले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या खातेदारांना दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. आपली यादी त्याहून कितीतरी लहान असेल, तरी पहिल्या पत्राआधीच हे करून घ्यावे, कारण एकदा स्पॅममध्ये गेलेल्या पत्त्याची पत सावरायला वेळ लागतो.

पत्रात पूर्ण कृती द्यावी की फक्त दुवा, असे मला नेहमी विचारतात. माझे मत असे की भाजी ओळखायची आणि निवडायची कशी, हे पत्रातच पूर्ण द्यावे, आणि प्रमाणांसह कृती संकेतस्थळावर ठेवावी. बाजारात पहिली गोष्ट लागते, स्वयंपाकघरात दुसरी. पत्र लहान असावे. १०२ केबीच्या पुढचे पत्र जीमेल मध्येच कापते आणि नोंदणी रद्द करण्याचा दुवा तळाशी असल्यामुळे तोच दिसेनासा होतो. मग वैतागलेला वाचक सरळ ‘स्पॅम’ दाबतो.

किती जणांनी पत्र उघडले, या आकड्यावर विसंबू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून पत्रातली चित्रे आपोआप उतरवून ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडलेले दिसते. दुवा किती जणांनी दाबला आणि उत्तर किती जणांनी लिहिले, हे मोजा. ‘टाकळा कडू झाला, काय चुकले?’ अशी उत्तरे येऊ लागली की पुढच्या पत्राचा विषयही मिळतो आणि टाकळ्याच्या पानात कोणते वाक्य कमी आहे तेही कळते.

पुढच्या वर्षी शेवळे आली की नवे पान करू नका. जुन्याच पत्त्यावर मजकूर सुधारा, वाचकांच्या उत्तरांतून कळलेले तपशील घाला आणि तारीख बदला, म्हणजे वर्षभरात त्या पत्त्याला मिळालेले दुवे आणि शोधातली जागा टिकून राहते. मेच्या अखेरीस, हंगामाच्या आधी, यादीची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या. गेल्या पावसाळ्यात ज्यांनी एकही दुवा दाबला नाही, त्यांना ‘या वर्षीही पत्र हवे आहे का?’ असे एकदा विचारा, आणि जे उत्तर देणार नाहीत त्यांची नावे जूनच्या पहिल्या पत्राआधी काढून टाका.